मेल थांबवायचा तर निघण्याआधीच: जीमेलमधले ३० सेकंद नीट कसे वापरावेत

आमच्या सोसायटीचा पत्रव्यवहार मी गेली काही वर्षं पाहते. त्यातला एक फोन ठरलेला असतो. "अगं, मेल भलत्यालाच गेला. परत घेता येईल ना?" फोन येतो तेव्हा मेल जाऊन दहा-पंधरा मिनिटं झालेली असतात आणि मला नाही म्हणावं लागतं. त्याच माणसाने तोच प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत विचारला असता, आणि त्याच्या जीमेलमध्ये एक आकडा आधी बदलून ठेवलेला असता, तर उत्तर 'हो' होतं.

गोंधळ होतो तो व्हॉट्सअ‍ॅपमुळे. तिथे चुकीचा मेसेज दोन दिवसांनीही 'सगळ्यांसाठी डिलीट' करता येतो, म्हणून मेलचंही तसंच असेल असं लोक धरून चालतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच कंपनीचं अ‍ॅप वापरतात. 'हा मेसेज पुसा' असा निरोप गेला की समोरचं अ‍ॅप तो पाळतं. मेलमध्ये तुमचा सर्व्हर एका कंपनीचा आणि समोरचा दुसऱ्या कंपनीचा असू शकतो. एकाने दुसऱ्याच्या पेटीत हात घालायची सोयच तिथे ठेवलेली नाही.

## आधी हे समजून घ्या: Send दाबल्यावर काय होतं

जीमेलमध्ये `Send` दाबलं की स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळी पट्टी येते. तिच्यावर `Message sent` लिहिलेलं असतं आणि शेजारी `Undo` असतं. ही पट्टीच दिशाभूल करते. 'sent' दिसत असलं तरी मेल अजून गूगलच्या दारातच थांबलेला असतो. ठरलेले सेकंद संपेपर्यंत जीमेल त्याला बाहेर सोडत नाही. त्या वेळात `Undo` दाबलं तर मेल परत मसुदा होतो, आणि तो कधी निघालाच नव्हता म्हणून समोरच्याला काहीच कळत नाही.

म्हणजे `Undo` गेलेला मेल मागे आणत नाही. ते फक्त जाऊ घातलेला मेल अडवतं.

वेळ संपली की गूगलचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी बोलायला लागतो. हे बोलणं एसएमटीपी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने होतं. साधारण असं:

```
MAIL FROM:<society@example.org>
250 OK
RCPT TO:<auditor@example.com>
250 OK
DATA
354 Start mail input
(मेलचा मजकूर आणि जोडलेल्या फाइल)
.
250 OK
```

आकड्यांनी सुरू होणाऱ्या ओळी समोरच्या सर्व्हरच्या आहेत. शेवटी एका ओळीवर एकटा पूर्णविराम जातो, म्हणजे 'माझं सांगून झालं'. त्यावर आलेला `250 OK` महत्त्वाचा. समोरचा सर्व्हर तिथे म्हणतो की मेल मिळाला, आता तो पोचवायची जबाबदारी माझी. रजिस्टर्ड पत्राच्या पोचपावतीवर सही व्हावी तसं हे आहे. या पद्धतीत पाठवायचे, तपासायचे, संभाषण संपवायचे हुकूम आहेत. पोचपावती झाल्यावर 'तो मेल परत दे' म्हणायला मात्र एकही हुकूम नाही.

बरं, समोरच्या सर्व्हरने ऐकायचं ठरवलं तरी एव्हाना मेलच्या प्रती किती झाल्या असतील ते पाहा. फोनवर सूचना येऊन पहिली ओळ वाचून झालेली असते. काहींनी आलेला प्रत्येक मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप जावा अशी व्यवस्था केलेली असते. कार्यालयांत प्रत्येक मेलची एक प्रत वेगळी जपली जाते. यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. म्हणून जे करायचं ते मेल दारात असतानाच करायचं.

## टप्पा १: सेकंद वाढवून घ्या (हे आजच करा)

जीमेल स्वतःहून फक्त ५ सेकंद देतं. चूक लक्षात येऊन माउस कोपऱ्यापर्यंत न्यायला एवढा वेळ सहसा पुरत नाही.

१. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. हा आकडा फोनच्या अ‍ॅपमध्ये बदलता येत नाही.

२. उजवीकडे वर दातेरी चाकाच्या खुणेवर क्लिक करा आणि `See all settings` निवडा.

३. पहिल्याच `General` पानावर थोडं खाली `Undo Send` ही ओळ आहे. तिच्यासमोर `Send cancellation period` मध्ये `5`, `10`, `20`, `30` असे पर्याय आहेत. `30` निवडा.

४. पान अगदी तळापर्यंत खाली न्या आणि `Save Changes` दाबा.

सर्वांत जास्त लोक चौथ्या पायरीवर चुकतात. आकडा बदलतात आणि बटण न दाबता इनबॉक्सकडे जातात. बदल जतन होत नाही, आणि ते कळतं थेट गरज पडल्या दिवशी.

तपासा: स्वतःच्याच पत्त्यावर 'चाचणी' म्हणून एक मेल पाठवा आणि घड्याळाकडे बघत बसा. `Undo` अर्धा मिनिट दिसत राहिलं तर काम झालं. पाच सेकंदांतच गेलं तर `Save Changes` राहिलं आहे. दुसऱ्यांदा पाठवा आणि या वेळी `Undo` दाबून बघा. पट्टी नेमकी कुठे येते ते हाताला एकदा माहीत झालेलं बरं.

सावधान: ही सोय खात्यापुरती असते. सोसायटीचं खातं वेगळं आणि तुमचं वेगळं असेल तर दोन्हीकडे बदल करावा लागेल. शिवाय जीमेलचं खातं तुम्ही थंडरबर्डसारख्या वेगळ्या प्रोग्रॅममधून वापरत असाल, तर तिथून पाठवलेल्या मेलला हे ३० सेकंद मिळत नाहीत. फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये `Undo` येतं, पण थोडाच वेळ. नाजूक मेल कॉम्प्युटरवरूनच पाठवा, असं मी आमच्या समितीला स्पष्ट सांगितलं आहे.

३० सेकंद जास्त होतात, मेल उशिरा जातो, अशी एक तक्रार मी ऐकते. अर्ध्या मिनिटाने अडेल असं कुठलंही काम आमच्या सोसायटीच्या पत्रव्यवहारात मला आजवर दिसलेलं नाही.

## टप्पा २: मेल उलट क्रमाने लिहा

आपण आधी पत्ता टाकतो, मग विषय, मग मजकूर, आणि फाइल सगळ्यांत शेवटी. त्यामुळे अर्धवट लिहिलेला मेलही जायला तयार असतो. मध्येच चुकीची कळ दाबली गेली की निघालाच. क्रम असा ठेवा:

१. आधी फाइल जोडा. जोडल्यावर तिच्या नावावर क्लिक करून ती उघडून बघा. 'थकबाकी अंतिम' आणि 'थकबाकी अंतिम २' यांतली नेमकी कुठली जोडली ते नावावरून कळत नाही.

२. मजकूर लिहा आणि वाचा.

३. विषय लिहा.

४. पत्ता सगळ्यांत शेवटी टाका. पत्ता नसेल तर जीमेल मेल सोडतच नाही, निदान एक तरी पत्ता द्या म्हणून अडवतं. हा अडसर तुमच्या बाजूचा आहे, त्याचा फायदा घ्या.

कुणाच्या मेलला उत्तर देत असाल तर पत्ता आधीच भरलेला असतो. लांब किंवा नाजूक उत्तर असेल तर तो पत्ता फुलीवर क्लिक करून काढा आणि शेवटी परत घाला. दहा सेकंदांचं काम आहे, आणि `Reply all` मध्ये कोणकोण आहे हेही त्या निमित्ताने वाचलं जातं.

सावधान: पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की जीमेल खाली नावं सुचवतं. आडनावावरून निवडू नका. सुचवलेल्या नावाखालचा पूर्ण पत्ता `@` च्या पुढेपर्यंत वाचा. माझ्याकडे येणाऱ्या फोनांतल्या बहुतेक चुका इथेच झालेल्या असतात.

बऱ्याच सभासदांना एकच मेल जाणार असेल तर पत्ते `To` मध्ये न टाकता `Bcc` मध्ये टाका. `To` मध्ये टाकलेले सगळे पत्ते प्रत्येकाला दिसतात, आणि एकदा दिसले की दिसले.

## टप्पा ३: Send दाबल्यावरचे ३० सेकंद

हा सगळ्यांत छोटा टप्पा, पण सोय फुकट जाते ती इथेच. `Send` दाबलं की लोक लगेच पुढच्या मेलकडे वळतात. एखादा जुना मेल पुसतात किंवा आर्काइव्ह करतात. त्याबरोबर खालच्या पट्टीवर त्या नव्या कामाची सूचना येते आणि मेलचं `Undo` तिच्याखाली जातं. आता पट्टीवर जे `Undo` दिसतं ते पुसलेला मेल परत आणणारं असतं. घाईत तेच दाबलं जातं, माणूस निर्धास्त होतो आणि मूळ मेल वेळ संपताच निघून जातो.

म्हणून:

१. `Send` दाबल्यावर माउस त्या पट्टीजवळ न्या आणि तिथेच थांबा. दुसरं काही उघडू नका, पुसू नका, टॅब बंद करू नका. पट्टीवरच्या फुलीवरही क्लिक करू नका.

२. मनात तीन गोष्टी घोळवा: कुणाला, काय जोडलं, कुठल्या खात्यावरून. मजकुरातलं शुद्धलेखन आठवत बसू नका, ते टप्पा २ मध्ये व्हायला हवं होतं.

३. यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर खात्रीने येत नसेल तर आधी `Undo` दाबा, विचार नंतर करा. पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन पत्ता बरोबर होता का ते शोधायला लागू नका. शोधण्यातच वेळ संपतो. `Undo` दाबल्याने काहीच जात नाही, मेल पत्ते आणि फाइलसकट जसाच्या तसा परत उघडतो. सगळं बरोबर निघालं तर पुन्हा `Send` दाबा, ३० सेकंद नव्याने मिळतात.

तपासा: `Undo` दाबल्यावर `Sending undone` अशी सूचना आली पाहिजे आणि लिहायची चौकट परत उघडली पाहिजे. तेवढ्यावर थांबू नका. डावीकडे `Sent` उघडून बघा, मेल तिथे नसावा. `Drafts` मध्ये बघा, तो तिथे असावा. दोन्ही जुळलं तरच मेल थांबला.

नेट गेलं म्हणून मेल `Outbox` मध्ये अडकून पडला असेल, तर तो तुमच्या यंत्रातून बाहेरच पडलेला नाही. नेट यायच्या आत तिथून तो उघडून रद्द करता येतो.

## टप्पा ४: ३० सेकंद कमी पडतील असे मेल

रागात लिहिलेलं उत्तर, नोटीस, राजीनामा, पगाराचे किंवा थकबाकीचे तक्ते. इथली चूक अर्ध्या मिनिटात ध्यानात येत नाही, ती चहा पिताना आठवते. अशा मेलसाठी `Send` च्या शेजारचा छोटा बाण दाबा, `Schedule send` निवडा आणि तासाभराने किंवा उद्या सकाळी नऊची वेळ द्या. मेल `Scheduled` मध्ये थांबतो. तिथून उघडून `Cancel send` दाबलं की परत मसुदा होतो.

दुसरी काळजी फाइलची. माहिती नाजूक असेल तर फाइल मेलला जोडू नका. ती गूगल ड्राइव्हवर ठेवा, ज्याने बघायची त्याच्या पत्त्यालाच परवानगी द्या आणि मेलमध्ये फक्त लिंक पाठवा. मेल चुकीच्या माणसाकडे गेला तरी त्याच्या हाती नुसती लिंक लागते. परवानगी `Restricted` असेल तर त्याच्याकडून फाइल उघडणार नाही, आणि दिली असेल तर ड्राइव्हमधून काढून घेता येते. जोडलेली फाइल मात्र प्रतीच्या रूपाने त्याच्याकडे गेलेली असते. २५ एमबीच्या वरची फाइल जीमेल आपण होऊनच ड्राइव्हची लिंक करून पाठवतं, पण धोका फाइलच्या आकारावर नसतो. एका पानाच्या तक्त्यातही चौसष्ट घरांचे फोन नंबर असतात.

## जीमेल नसेल तर

आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये आयओएस १६ पासून `Undo Send Delay` आहे. सेटिंगमध्ये मेलच्या पानावर १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये `Settings`, `Mail`, `Compose and reply` इथे `Undo send` आहे, पण तिथे जास्तीत जास्त १० सेकंद मिळतात. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये नियम बनवून प्रत्येक मेल काही मिनिटं रोखता येतो. नियमातल्या पर्यायाचं नाव `defer delivery by a number of minutes`, आणि मर्यादा १२० मिनिटांची. मला हे सगळ्यांत उत्तम वाटतं, फक्त तेवढा वेळ आउटलुक चालू ठेवावं लागतं.

आउटलुकमधल्या `Recall` वर मात्र भिस्त ठेवू नका. ते एकाच संस्थेच्या आत, दोन्ही खाती त्याच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट व्यवस्थेत असतील तरच चालतं. जीमेलवरच्या माणसाकडून मेल परत येत नाही. जुन्या पद्धतीत तर त्याला 'अमुक व्यक्तीला हा मेल परत घ्यायचा आहे' असा आणखी एक मेल जायचा. ज्याने पहिला उघडलाही नव्हता तो मग कुतूहलाने उघडायचा.

## टप्पा ५: गेलाच तर, याच क्रमाने

आमच्याकडे घडलेलं सांगते. मार्चअखेरची थकबाकीची यादी हिशेबतपासनिसांना पाठवायची होती. सचिवकाकांनी आडनावाची तीन अक्षरं टाकली, खाली दोन नावं आली आणि त्यांनी वरचं निवडलं. वरचं नाव होतं बी विंगमधल्या त्याच आडनावाच्या भाडेकरूचं. `Send` दाबून काका लगेच पुढचा मेल पुसायला गेले. चूक ध्यानात आली दहा-बारा सेकंदांनी, पण त्यांच्या खात्यात तेव्हा पाचच सेकंद होते. आणि ३० असते तरी पट्टीवर आता दुसऱ्याच कामाचं `Undo` होतं.

घाबरून त्यांनी `Sent` मधला मेल पुसला आणि मग मला फोन केला. पुसल्याने समोरची प्रत जराही हलत नाही. उलट आपण नेमकं काय पाठवलं याचा आपल्याकडचा पुरावाच तेवढा जातो. सुदैवाने जीमेलच्या `Trash` मध्ये मेल ३० दिवस राहतो, तिथून तो परत काढला. मग जे केलं ते या क्रमाने:

१. मेल उघडून आत काय गेलं ते लिहून काढलं: चौसष्ट घरांची नावं, थकबाकी, फोन नंबर. पासवर्ड किंवा बँकेचा तपशील नव्हता. असता तर फोन करण्याच्याही आधी पासवर्ड बदलला असता किंवा बँकेला कळवलं असतं. लिंक असती तर पहिलं काम परवानगी काढण्याचं.

२. ज्यांना मेल गेला त्यांना फोन केला. मेल नाही, फोन. "काका, आमच्याकडून चुकून तुम्हाला एक यादी आली आहे. कृपया पुढे पाठवू नका, आणि इनबॉक्स व ट्रॅश दोन्हींतून काढून टाका." त्यांनी ती उघडली होती आणि तसं सरळ सांगितलं. फाइल फोनमध्ये उतरवली होती का तेही विचारलं. उतरवली होती, तीही त्यांनी काढली.

३. फोननंतर दोन ओळींचा मेल केला, नव्या विषयाने. जुनाच मेल `Forward` केला असता तर तीच यादी पुन्हा चिकटून गेली असती.

४. समितीला त्याच दिवशी सांगितलं आणि ज्यांची माहिती गेली त्या सभासदांना कळवलं. हे करायला कुणालाच आवडत नाही. पण बाहेरून कळलं असतं तर लोकांनी समितीवर पुन्हा विश्वास ठेवला नसता.

५. मगच योग्य पत्त्यावर यादी पाठवली. घाईत हेच पहिलं केलं जातं आणि दुसरी चूक होते.

तपासा: चुकीचा पत्ता सुचवणीतून न येता हाताने टाइप झाला असेल तर काही मिनिटं इनबॉक्सकडे लक्ष ठेवा. `Mail Delivery Subsystem` कडून `550` आकडा असलेला मेल आला, तर बहुधा तो पत्ताच अस्तित्वात नाही आणि मेल कुणालाच मिळालेला नाही. असं काही आलं नाही, तर तो कुणाच्या तरी पेटीत पडला आहे असंच समजा.

त्या आठवड्यात सोसायटीच्या खात्यात `30` केलं, यादी ड्राइव्हवर हलवली आणि भाडेकरूंचा तो पत्ता `Contacts` मध्ये 'बी विंग भाडेकरू' असं पुढे लावून जतन केला. आता तीन अक्षरं टाकली की दोन नावं वेगळी दिसतात.